लग्नानंतरचे तीन निवांत दिवस : कान्हाच्या मुक्कीला जायचं तर वार, कागद आणि खर्च कसा बसवायचा

बालाघाट : घरात अकरा माणसं, खोल्या चार. लग्नाचा मांडव निघून महिना झाला तरी पाहुण्यांची ये-जा संपत नाही. नव्या जोडप्याच्या खोलीतच घरचं कपाट असतं, त्यामुळे दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी दार वाजवतं. रात्री हळू आवाजात बोलावं लागतं, कारण पलीकडे भिंत नसते, पार्टिशन असतं. बालाघाट, वारासिवनी, लांजी, गोंदिया, आमगाव, तुमसर या पट्ट्यातल्या कितीतरी एकत्र कुटुंबांत लग्नानंतरचे पहिले महिने असेच जातात. यात कुणाचं चुकतं असं नाही, घरच तसं असतं. पण ज्यांनी लग्नाआधी एकमेकांना दोन-तीनदाच पाहिलं, त्यांना सलग बोलायला दोन दिवस मिळणं ही चैन नाही, गरज आहे.

मनाली-गोव्याचं पॅकेज सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही. प्रवासातच दोन-दोन दिवस जातात ते वेगळंच. बालाघाट जिल्ह्यातच, बैहर घाटाच्या पलीकडे, कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की प्रवेशद्वार आहे. बालाघाट शहरापासून ते सुमारे ८० किमीवर आहे. दोन रात्री, तीन दिवस आणि बेताचे पैसे असतील तर या पट्ट्यातल्या जोडप्यासाठी ही जागा सर्वांत सोयीची ठरते. मात्र नुसतं खोली बुक करून निघालं तर शांतता मिळेलच असं नाही. वार चुकला, कागद अर्धवट राहिले किंवा सफारीचा हिशेब कच्चा राहिला की सगळा बेत बिघडतो. या तिन्ही गोष्टी आधी कशा जुळवायच्या, याची ही माहिती.

बालाघाट शहर का नको?

पहिला विचार बहुतेकांच्या मनात हाच येतो. बालाघाटात किंवा गोंदियात एखाद्या चांगल्या हॉटेलात दोन दिवस राहावं आणि गांगुलपाऱ्याचा धबधबा बघून यावं. यात दोन अडचणी आहेत.

एक म्हणजे नातेवाईक. या भागात रोटी-बेटी व्यवहार राज्याची सीमा मानत नाही. मुलगी गोंदिया जिल्ह्यातली, सासर किरणापूरचं, मावशी कटंगीत, आत्या वारासिवनीत, मामा तुमसरात. कोणत्याही तहसीलच्या गावात गेलं तरी बाजारात ओळखीचं माणूस भेटतंच, आणि "आमचं घर असताना लॉजवर का राहिले?" हा राग वर्षभर पुरतो.

दुसरी अडचण हॉटेलवाल्यांची. बरीच लहान हॉटेलं आणि लॉज 'लोकल आयडी'वर जोडप्याला खोली देत नाहीत, म्हणजे आधार कार्डावर त्याच शहराचा किंवा जिल्ह्याचा पत्ता असेल तर नकार. पोलिसांची विचारपूस नको, गावात बोभाटा नको, एवढंच त्यांचं कारण असतं. नवराबायको असले तरी हा अनुभव येऊ शकतो.

मुक्कीच्या भागात चित्र वेगळं आहे. इथे येणारे बहुतेक पर्यटक, सगळी राहण्याची ठिकाणं पर्यटकांसाठीच, आणि लग्नाघरांची गर्दी नाही. मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाचं निवासस्थान बंजर नदीच्या काठी आहे. त्याशिवाय खासगी रिसॉर्ट, साधे लॉज आणि घरगुती मुक्कामाच्या सोयी आहेत. आजूबाजूला सालाचं जंगल आहे. नातेवाईक इथपर्यंत सहसा पोचत नाहीत.

कोणत्या महिन्यात?

या पट्ट्यात बेत ठरवताना तीन पंचांगं जुळवावी लागतात : लग्नाच्या तिथी, धानाची शेती आणि उद्यानाचं वेळापत्रक.

बरीच लग्नं एप्रिल-मेमध्ये होतात. तेव्हा कान्हाचा मुख्य भाग, म्हणजे कोअर, सुरू असतो, पण दुपारचं ऊन ४० अंशांच्या वर असतं. वाघ पाण्यावर दिसण्याची शक्यता याच दिवसांत जास्त, म्हणून दरही चढे आणि शाळेच्या सुट्ट्यांमुळे गर्दीही मोठी. शांतता हवी असणाऱ्यांसाठी हे दिवस नाहीत.

जून संपता संपता रोवणीची तयारी सुरू होते आणि घरातली दोन माणसं कमी होणं कोणालाच परवडत नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर भाग बंदही असतो. या काळात फक्त बाहेरच्या बफर भागात फिरता येतं, तेही पावसाने रस्ता ठेवला तर. पोळा झाल्यावर शेतीतून थोडी उसंत मिळते. रान हिरवंगार असतं, मुक्कामाचे दर उतरलेले असतात. वाघ बघण्याचा हट्ट नसेल तर हे दिवस वाईट नाहीत. मात्र पुढे पितृपक्ष येतो आणि त्या पंधरवड्यात नव्या जोडप्याने फिरायला जाणं बऱ्याच घरांत चालत नाही. तारीख काढण्याआधी कालनिर्णय बघून घेतलेलं बरं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि चुरणी. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांत नागपूर, रायपूर, जबलपूरचे पर्यटक येतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर सगळ्यांत महाग.

मग उरतो तो सगळ्यांत चांगला काळ : जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. धान घरात आलेलं असतं, विकून हातात पैसे आलेले असतात, नवीन वर्षाची गर्दी ओसरलेली असते. थंडी मात्र कडक असते. पहाटे उघड्या जिप्सीत बसलं की हात बधिर होतात. स्वेटरवर भागत नाही. कानटोपी, मफलर आणि एक जाड घोंगडी हवीच. संक्रांतीला नव्या सुनेचं हळदीकुंकू, वाण असतं, म्हणून संक्रांतीनंतरची तारीख घेतली की घरातही कुरकूर राहत नाही.

मंगळवार ते गुरुवार का?

महिन्याइतकाच वारही महत्त्वाचा आहे. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत शहरांतले ग्रुप येतात. कंपन्यांच्या सहली, मित्रमंडळी, शेकोटी, रात्री उशिरापर्यंत गाणी. खोली कितीही चांगली असली तरी बाहेर स्पीकर लागला की शांतता संपली.

कान्हात बुधवारी दुपारची सफारी बंद असते. म्हणून बरेच पर्यटक बुधवार टाळतात किंवा त्या दिवशी सकाळची फेरी करून निघून जातात. बुधवारची दुपार हा मुक्कीतल्या आठवड्याचा सगळ्यांत निवांत अर्धा दिवस असतो. जिप्सींची ये-जा नाही, जेवणाच्या हॉलमध्ये चार माणसं, आवारात कोणी नाही. जोडप्याला हवी असते ती हीच वेळ.

म्हणून क्रम असा बसतो. मंगळवारी दुपारी पोचायचं. बुधवारी पहाटे सफारी करायची असेल तर तेव्हा, आणि दुपारपासून काहीच नाही. गुरुवारी नाश्ता करून परत. मधल्या वाराला खोलीचे दरही बऱ्याच ठिकाणी कमी असतात. फोनवर विचारताना "मंगळवार-बुधवारचा दर काय?" असंच विचारावं, नुसतं "दर काय?" विचारलं तर शनिवार-रविवारचा सांगतात. गणराज्य दिन, महाशिवरात्र असल्या सुट्ट्या त्या आठवड्यात येत नाहीत ना, तेही बघावं. होळीच्या वेळीही उद्यानाच्या फेऱ्या बंद असतात, त्यामुळे तो आठवडा सोडावा.

कागद : दोन आडनावं, दोन राज्यं

सीमेवरच्या जोडप्यांची खरी अडचण इथे असते. नवऱ्याच्या आधार कार्डावर बालाघाट जिल्ह्याचा पत्ता, बायकोच्या आधार कार्डावर माहेरचं नाव आणि गोंदिया किंवा भंडाऱ्याचा पत्ता. काउंटरवरचा माणूस दोन्ही कार्डं बघतो आणि विचारतो, "शादी का कोई प्रूफ?" नव्या नवरीला चार लोकांसमोर हे ऐकायला फार अवघड वाटतं. जंगलातल्या मुक्कामावर रात्री आठ वाजता हा प्रश्न आला तर दुसरीकडे जायला वाहनही नसतं.

कायदा काय सांगतो ते आधी स्पष्ट असू द्या. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कोणताही नियम नाही. दोन कार्डांवर दोन आडनावं असणं हा दोष नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहू नये असाही कायदा नाही. लग्न न झालेल्या जोडप्यांबाबतसुद्धा मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच म्हटलं होतं. 'लोकल आयडी चालणार नाही' हा हॉटेलचा स्वतःचा नियम असतो, सरकारचा नाही.

पण रात्री काउंटरवर कायदा सांगून खोली मिळत नाही. त्यामुळे प्रश्न आधीच मिटवावा. बुकिंग करताना फोनवर सरळ विचारावं : "आम्ही नवराबायको आहोत, एकाचं आधार बालाघाट जिल्ह्याचं आहे, दुसऱ्याचं महाराष्ट्राचं, आडनावं वेगळी आहेत. चालेल ना?" तोंडी हो म्हटल्यावर तेच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावं, आणि त्यानंतरच आगाऊ रक्कम पाठवावी. असा संदेश हातात असेल तर पोचल्यावर कोणी नाही म्हणत नाही. तरीही नकार दिला आणि पैसेही परत केले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. तेव्हा तोच संदेश पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

विवाह नोंदणीचा दाखला असेल तर सगळं सोपं होतं. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडे लग्नाची नोंदणी करण्याची सोय आणि नियम आहेत. पण आपल्याकडे 'पासपोर्ट काढताना बघू' म्हणून ती राहून जाते. फिरायला जायच्या निमित्ताने ती करून घेतली तर पुढे बँक, रेशन कार्ड, नावबदल सगळीकडे कामी येते. दाखला हातात नसेल तर लग्नपत्रिका आणि मोबाईलमधले लग्नाचे फोटो दाखवता येतात. त्यांना कायद्याने वजन नाही, पण काउंटरवरच्या माणसाची शंका बहुतेकदा तेवढ्याने मिटते.

आणखी एक चूक बरेच जण करतात. सफारीचं परवानापत्र बायकोच्या माहेरच्या नावाने, जुन्या आधारवर काढतात आणि मधल्या काळात आधारवर सासरचं नाव लावून घेतात. गेटवर परवान्यावरचं नाव आणि ओळखपत्र जुळवून बघतात. नाव जुळलं नाही तर गाडी बाजूला लावावी लागते आणि पहाटेचा सगळ्यांत चांगला अर्धा तास वाद घालण्यात जातो. म्हणून बुकिंग केल्यापासून परत येईपर्यंत आधारवरच्या नावाला हात लावू नये. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच मूळ कार्ड सोबत न्यावं. फोटोकॉपीवर भरवसा नको.

हॉटेलला प्रत द्यायची असेल तर आधारची 'मास्क्ड' प्रत देता येते. तिच्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बालाघाटचा पूर्वेकडचा जंगलपट्टा वर्षानुवर्षे नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेला, त्यामुळे या रस्त्यांवर पोलिसांनी थांबवून विचारपूस करणं नवीन नाही. ओळखपत्र बॅगेच्या तळाशी नको, हाताशी ठेवावं.

सफारी : पैसे कुठे जातात

कान्हा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलं. वाघाइतकीच त्याची ओळख आहे बारशिंग्यामुळे. कडक जमिनीवर राहणारा हा बारशिंगा एकेकाळी संपतच आला होता, तो इथे वाचला. मध्य प्रदेशाचा राज्यप्राणीही तोच. मुक्कीच्या बाजूची गवताळ मैदानं आणि सालाचं जंगल बघायला सकाळची एक फेरी पुरते.

बजेट मात्र इथेच कोलमडतं. कारण ऑनलाइन दिसणारी रक्कम ही फक्त प्रवेश परवान्याची असते. गाइडचे पैसे वेगळे आणि जिप्सीचं भाडं वेगळं. परवान्याची रक्कम बघून "एवढ्यात होतं" असं वाटतं आणि गेटवर त्याहून मोठी रक्कम द्यावी लागते. बुकिंगआधी तिन्ही आकडे एकत्र विचारावेत. परवाने forest.mponline.gov.in या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. एजंट हेच काम करून देतो आणि स्वतःचे पैसे वर लावतो.

पूर्ण जिप्सीत सहा पर्यटक बसतात. दोघांनीच ती घेतली तर सहा जणांचा खर्च दोघांवर पडतो. खर्च कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक, पूर्ण गाडी न घेता आसनानुसार बुकिंग करणं. अनोळखी लोकांसोबत बसावं लागतं, पण चार तासांचाच प्रश्न असतो आणि जिप्सीत तसंही कोणी बोलत नाही. दुसरा मार्ग बफर भागाचा. मुक्कीजवळच खापा नावाचा बफर झोन आहे. तिथे परवाना मिळणं कोअरपेक्षा सोपं असतं. प्राणी दिसण्याची खात्री मात्र दोन्हीकडे नाही, आणि कोणी "वाघ दाखवतोच" म्हणून जादा पैसे मागत असेल तर तो खोटं बोलतोय हे नक्की समजावं.

आणि सफारी केलीच पाहिजे असंही नाही. लोक दोन दिवसांत तीन फेऱ्या बुक करतात. पहाटे चारला उठणं, दुपारी जेवून पुन्हा निघणं, रात्री थकून झोपणं. परत आल्यावर फोटो असतात, पण एकमेकांशी बोलणं झालेलं नसतं. या बेतात एकच सफारी ठेवण्याचं कारण पैसे वाचवणं एवढंच नाही.

एक नमुना हिशेब

किरणापूरकडचं एक जोडपं धरू. बायकोचं माहेर आमगाव. दोघांनी मिळून १०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत, त्यातले काही लग्नातल्या आहेराचे. आकडे दरवर्षी बदलतात. म्हणून खाली दर दिलेले नाहीत, प्रत्येक गोष्टीला त्यांनी लावलेली मर्यादा दिली आहे.

खोली आणि जेवण, दोन रात्री : ५,००० रुपये. मुक्कीला आजूबाजूला हॉटेलं-खानावळी फारशा नाहीत, त्यामुळे खोलीचा दर जेवणासह आहे की जेवणाशिवाय, हा पहिला प्रश्न. १,५०० ची खोली स्वस्त वाटते, पण दोघांचं तीन वेळचं जेवण वेगळं धरलं की २,५०० च्या जेवणासह खोलीइतकीच पडते. कर धरून दर आहे का, तेही विचारावं.

सफारी, आसनानुसार एक फेरी, गाइड आणि गाडीच्या वाट्यासह : ३,००० रुपयांच्या आत बसली तर करायची, नाहीतर बफरची चौकशी करायची, तीही बसली नाही तर सोडून द्यायची. ही गोष्ट दोघांनी घरूनच ठरवली आहे, म्हणजे गेटवर रुसवा होत नाही.

प्रवास : १,२०० रुपये. बालाघाटपर्यंत रेल्वे किंवा बस, तिथून बैहरची बस. बैहरहून मुक्कीच्या बाजूला बस कमी असतात, म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी मुक्कामाच्या ठिकाणाहूनच गाडी मागवायची आणि भाडं आधी ठरवायचं.

उरलेले ८०० रुपये हातात रोख. या भागात नेटवर्क जातं-येतं, आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत. खर्चाचे बाकी पैसेही निम्मे तरी रोख न्यावेत. बैहरच्या पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नये.

गोंदियाहून येणाऱ्यांना बालाघाट रेल्वेने सुमारे ४० किमी पडतं. नागपूरकडून येणाऱ्यांनीही गोंदिया गाठून हाच रस्ता धरावा. घरची मोटारसायकल असली तर प्रवासाचा खर्च निम्म्यावर येतो. पण बैहरचा रस्ता घाटाचा आणि जंगलाचा आहे. अंधार पडल्यावर रस्त्यावर चितळ, रानडुक्कर आडवे येतात आणि थंडीत धुकं असतं. कोणत्याही वाहनाने जा, दुपारी तीनच्या आत बैहर सोडलेलं असावं.

खोली ठरवताना

फोटोत सगळ्या खोल्या छान दिसतात. फोनवर चार गोष्टी विचाराव्यात. खोली वेगळी कॉटेज आहे की ओळीतली, म्हणजे शेजारच्या खोलीशी भिंत सामाईक आहे का? ओळीतली असेल तर टोकाची मागावी. त्या तारखांना ग्रुपचं बुकिंग किंवा कार्यक्रम आहे का? गरम पाणी चोवीस तास आहे की बादलीने सकाळी मिळतं? आणि मच्छरदाणी आहे का? बैहरकडचा भाग मलेरियाचा म्हणून जुनाच ओळखीचा आहे. मच्छरदाणी नसेल तर घरून नेलेली बरी.

औषधं बालाघाटातूनच घ्यावीत, पुढे मेडिकलची दुकानं विरळ होत जातात. लगेच मूल नको असेल तर त्याची साधनंही घरून निघतानाच सोबत असावीत. नव्या लग्नात बायकांना लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास होणं सर्रास आढळतं. जळजळ, वारंवार लघवीला लागणं ही त्याची खूण. थंडीत पाणी कमी पिणं आणि सफारीत चार-पाच तास लघवी रोखून धरणं यामुळे तो वाढतो. पाणी भरपूर प्यावं, संबंधानंतर लघवीला जाऊन यावं. ताप किंवा कंबरेत दुखणं सुरू झालं तर परत येईपर्यंत थांबू नये, बैहरला सरकारी दवाखाना आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, औषधाने हा त्रास लवकर आटोक्यात येतो.

घरी कसं सांगायचं

सगळं जुळलं तरी शेवटचा दरवाजा घरातला असतो. "दोघंच कशाला जाता? पिंटूलाही घेऊन जा, त्याला वाघ बघायचा आहे." किंवा "नणंदबाईला सुट्टीच आहे, तीही येईल." हे प्रेमानेच म्हटलं जातं आणि नाही म्हणणं नव्या सुनेला शक्य नसतं. म्हणून हा विषय नवऱ्याने काढायचा असतो, सुनेने नव्हे. आणि तो सगळ्यांसमोर जेवताना न काढता आधी आईजवळ किंवा मोठ्या वहिनीजवळ काढावा. एकत्र घरात वहिनी हे दिवस स्वतः काढलेली असते. "जाऊन या न बाबा, दोन दिवसांचं मी बघून घेतो," असं तिने म्हटलं की निम्मं काम होतं. मामंजींपर्यंत गोष्ट तिच्याकडूनच पोचलेली बरी.

कामाचाही हिशेब लागतो. सुनेची सकाळच्या स्वयंपाकाची पाळी, मुलाचं दुकान किंवा शेतातल्या मोटरची जबाबदारी, हे दोन दिवस कोणाकडे, हे आधीच ठरलं तर मागे बोलणं होत नाही. बदल्यात वहिनी-भाऊ पुढच्या महिन्यात कुठे निघाले तर त्यांची मुलं आणि कामं यांनी सांभाळायची. एकदा ही वहिवाट पडली की घरातल्या प्रत्येक जोडप्याला वर्षातून दोन दिवस मिळतात.

खोटं कारण सांगून जाऊ नये. 'नागपूरला कामाला जातो' म्हणून मुक्कीला गेलं आणि त्याच दिवशी घरी कोणी आजारी पडलं, फोन लागला नाही, तर गावभर शोधाशोध होते आणि त्याचा दोष वर्षानुवर्षे सुनेवर राहतो. जागेचं नाव, मुक्कामाच्या ठिकाणचा फोन नंबर आणि परतीचा वार घरी लिहून ठेवावा. नेटवर्क नसतं हे आधीच सांगून ठेवावं : "रोज संध्याकाळी सातला आम्हीच फोन करू. लागला नाही तर घाबरू नका, तिथल्या नंबरवर लावा." एवढं ठरलं की दिवसभर कोणी फोन करत नाही. सात वाजताचा तो एक फोन मात्र चुकवू नये.

येताना बालाघाटात दोन तास हातात ठेवावेत. वारासिवनीच्या हातमागाची एखादी साडी सासूबाईंना किंवा वहिनीला, आणि लहानांना काही खाऊ. चिन्नोर तांदूळ बालाघाटचाच, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमगाव-गोंदियाकडे माहेरी जायचं असेल तर त्याची पाच किलोची पिशवी चालते. मात्र ही खरेदी त्या १०,००० मध्ये धरलेली नाही, तिचे पैसे वेगळे ठेवावेत.